वीज-पाण्याच्या बिलाचा फोटो वाचून केलेली यादी जुळत नाही तेव्हा

गोव्यातील फोंडा परिसरातील तीन गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब मी सांभाळतो. लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांची वीजबिले आणि सामायिक नळजोडणीची पाणीबिले माझ्याकडे बहुतेक वेळा रखवालदाराने मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या रूपात येतात. त्या फोटोंतून आकारांची नावे, रकमा, देय तारीख आणि भरायची रक्कम अशी यादी मी टेसरॅक्ट या अक्षरवाचक प्रणालीने तयार करतो. यादी तयार होते, दिसायलाही नीटनेटकी असते, आणि तरीही दर महिन्याला तोच बिघाड नव्या वेषात परत येतो. तो शोधण्याचा जो क्रम मला आता अंगवळणी पडला आहे, तो येथे लिहीत आहे.

लक्षणे

- यादीतील आकारांची बेरीज बिलावरील एकूण रकमेशी जुळत नाही. कधी पाच रुपयांचा फरक असतो, तर कधी काही हजारांचा.
- एखादा किरकोळ आकार, उदाहरणार्थ इंधन समायोजन, अचानक वीज आकारापेक्षाही मोठा दिसतो.
- भरायची रक्कम म्हणून मुदतीनंतरची, म्हणजे विलंब आकार धरलेली रक्कम उचलली जाते.
- मागील जमा रक्कम वजा होण्याऐवजी मिळवली जाते.
- देय तारीख बिलाच्या तारखेच्या आधीची दिसते, किंवा काही तारखा कोष्टकात डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटतात.

पहिली तपासणी: फरक काढा आणि त्याच्याकडे नीट पाहा

बहुतेक जण आधी फोटो पुन्हा काढायला सांगतात. मी आधी बेरीज करतो, कारण तिला काहीच खर्च येत नाही आणि बिघाड कोणत्या जातीचा आहे हे फरकाच्या आकड्यावरूनच पुष्कळदा कळते. मात्र बेरीज कशाशी ताडायची हे महत्त्वाचे आहे. भरायची रक्कम पूर्ण रुपयांत केलेली असते आणि तिच्यात मागील थकबाकी किंवा जमा रक्कमही मिसळलेली असते, म्हणून तिच्याशी थेट तुलना केल्यास फरक गढूळ होतो. आधी चालू बिलाचे आकार चालू बिलाच्या बेरजेशी ताडावेत आणि मग पुढच्या टप्प्यावर जावे.

एका बिलाचे उदाहरण घेऊ. कागदावर स्थिर आकार २४०.००, वीज आकार १४१२.५०, इंधन समायोजन ८६.४०, वीज शुल्क १३८.६० आणि चालू बिल १८७७.५० असे छापलेले आहे. त्याखाली मागील जमा ३१२.००, मुदतीत भरल्यास १५६६.०० आणि मुदतीनंतर १५९४.०० अशा ओळी आहेत. फोटोतून आलेल्या यादीत मात्र इंधन समायोजन ८६४० आणि वीज शुल्क १३३.६० असे वाचले गेले, म्हणून चार आकारांची बेरीज १०४२६.१० आली. चालू बिलापेक्षा ती ८५४८.६० ने जास्त आहे.

दशांशचिन्ह गळाले की रक्कम शंभरपट होते, म्हणजे मूळ रकमेच्या नव्व्याण्णवपट फरक पडतो. त्यामुळे फरकाला ९९ ने भागून यादीतील एखादी रक्कम मिळते का, हे पाहावे. ८५४८.६० ला ९९ ने भागल्यास साधारण ८६.३५ येते. हे ८६.४० च्या अगदी जवळ आहे, पण तंतोतंत नाही, आणि याचा अर्थ येथे एकाऐवजी दोन चुका आहेत. ८६४० च्या जागी ८६.४० धरून पुन्हा बेरीज केली की ती १८७२.५० येते आणि पाच रुपये कमी पडतात.

बरोबर पाच रुपयांचा फरक म्हणजे कोणत्या तरी रकमेच्या एकक स्थानचा अंक पाचने चुकला आहे. २४०.०० मधील शून्याच्या जागी पाच, १४१२.५० मधील दोनच्या जागी सात, किंवा १३३.६० मधील तीनच्या जागी आठ, असे तीन पर्याय उरतात. इंग्रजी आकड्यांतील आठची डावी कड फिकट असेल तर तो तीन वाचला जातो, आणि ही चूक इतकी नेहमीची आहे की मी आधी तोच अंक फोटोत मोठा करून पाहतो. येथेही तोच चुकला होता. अंदाजाने अंक बदलून बेरीज जुळवून घेणे मात्र टाळावे. अंदाज फक्त कोठे पाहायचे ते ठरवण्यापुरता असतो, आणि खात्री कागदावरूनच करावी लागते.

पुढचा टप्पा जमा रकमेचा. १८७७.५० मध्ये ३१२.०० मिळवल्यास २१८९.५० होतात, तर मुदतीतील रक्कम १५६६.०० आहे. फरक ६२३.५०, म्हणजे पूर्णांकनाचे पन्नास पैसे सोडले तर ६२४.००, आणि हे ३१२ च्या बरोबर दुप्पट आहे. फरक एखाद्या ओळीच्या दुप्पट निघाला की त्या ओळीचे चिन्ह उलटले आहे असे समजावे. जमा रकमेपुढची बारीक उणे रेघ किंवा मागची `CR` ही अक्षरे फोटोत हरवतात, किंवा आपणच आकडे वेगळे काढताना ती टाकून देतो. फरक जर एखाद्या ओळीइतकाच निघाला, तर ती ओळ गळली आहे किंवा दोनदा आली आहे.

ही बेरीज संगणकावर करायची असल्यास साध्या अपूर्णांकांऐवजी दशमान प्रकार वापरावा. साध्या प्रकारात पैशांच्या शेवटी बारीक शेपट्या उरतात आणि शून्य फरकही शून्य दिसत नाही.

```python
from decimal import Decimal as D
akar = [D("240.00"), D("1412.50"), D("86.40"), D("138.60")]
jama = D("-312.00")
print(sum(akar) - D("1877.50"))
print(D("1566.00") - sum(akar) - jama)
```

पहिली ओळ `0.00` आणि दुसरी `0.50` दाखवते. दुसरा आकडा एका रुपयापेक्षा कमी असेल तर तो पूर्णांकनाचा आहे असे समजून मी पुढे जातो.

दुसरी तपासणी: कागद आणि फोटो

चुकीची जात कळली की कागदाकडे वळावे. जागेवर छापून मिळणारे बिल उष्णतेने काळ्या होणाऱ्या थर्मल कागदावर असेल, तर ते खिडकीजवळ ठेवल्याने किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात दाबून ठेवल्याने फिकट पडते. आपल्याकडे पावसाळ्यात दारात सरकवलेला कागद दमट होऊन त्याला चुण्या पडतात, त्याही वाचनात रेघा होऊन उतरतात. म्हणून बिल हातात आले त्याच दिवशी फोटो काढावा. चवथीनंतर तीन महिन्यांची बिले एकत्र पाठवणाऱ्यांच्या यादीत चुका अधिक निघतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

कागद उभा धरून पाहिल्यास कधी कधी वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ दिसते. ती छपाईयंत्राच्या शीर्षातील एखादा तापबिंदू निकामी झाल्याने पडते. रकमा उजव्या कडेला सरळ रांगेत छापलेल्या असल्यामुळे ती रेघ प्रत्येक रकमेच्या एकाच स्थानच्या अंकातून जाते. वरच्या उदाहरणातील आठचा तीन होण्यामागे हेच कारण होते. हा कागद कितीही चांगल्या उजेडात धरला तरी तो अंक सुधारणार नाही, म्हणून अशा वेळी नवा फोटो मागवत बसण्यापेक्षा तो स्तंभ हाताने तपासलेला बरा.

फोटो पाठवण्याची पद्धत तपासणे तितकेच स्वस्त आहे. संदेशाच्या अ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होऊन पोहोचते. लांबट पट्टीचे बिल साधारण २८ सेंटिमीटर लांब आहे आणि पोहोचलेल्या चित्राची लांब बाजू १६०० पिक्सेल आहे असे धरले, तर एका सेंटिमीटरला सुमारे ५७ पिक्सेल येतात. अडीच मिलिमीटर उंचीचा अंक मग जेमतेम १४ पिक्सेलांत बसतो आणि दशांशाचा टिंब दोन पिक्सेलांहूनही लहान राहतो. टेसरॅक्टला अंकाची उंची तीसेक पिक्सेल असलेली मानवते. म्हणून फोटो ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे तो मूळ आकारात येतो, किंवा लांब बिलाचे वरचा आणि खालचा असे दोन फोटो काढावेत. दोन फोटोंत मधल्या एक-दोन ओळी दोन्हीकडे येतात आणि त्या यादीत दोनदा शिरतात, हे मात्र लक्षात ठेवावे. तेव्हा फरक नेमका त्या ओळीइतका निघतो.

स्कॅनिंगच्या अ‍ॅपमधील ‘स्वच्छ’ किंवा ‘कृष्णधवल’ या सोयीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ती सोय कागदावरचे बारीक ठिपके डाग समजून पुसते, आणि दशांशाचा टिंब हाही तिच्या लेखी एक डागच असतो. दिसायला सुंदर झालेल्या अशाच चित्रातून मला शंभरपट रकमा सर्वांत जास्त मिळाल्या आहेत.

तिसरी तपासणी: सावली, फिरलेले चित्र आणि ओळी

फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली बिलाच्या अर्ध्या भागावर पडली असेल, तर त्या भागातील आकार गळतात किंवा नुसता कचरा वाचला जातो. याचे कारण असे की टेसरॅक्ट मूळ मांडणीत संपूर्ण चित्राला काळे-पांढरे करताना एकच सीमा लावते, आणि सावलीतला कागद त्या सीमेखाली जाऊन काळा ठरतो. पाचव्या आवृत्तीपासून जागेनुसार सीमा बदलणाऱ्या पद्धती त्यात आल्या आहेत, त्यांपैकी एक खालील आज्ञेत वापरली आहे. मोबाइलने आडव्या चित्राला फक्त ‘उभे दाखवा’ अशी खूण जोडलेली असते, ती खूण प्रत्यक्षात लागू करून घेण्याचे काम पहिल्या ओळीतल्या इमेजमॅजिक या चित्रसाधनाच्या आज्ञेतले `-auto-orient` करते.

```
magick bill.jpg -auto-orient -colorspace Gray -resize 200% bill.png
tesseract bill.png bill -l eng --psm 6 -c thresholding_method=2 tsv
```

आकार दुप्पट केल्याने हरवलेला टिंब परत येत नाही. अस्पष्ट पण अस्तित्वात असलेला टिंब वाचला जाण्याची शक्यता तेवढी वाढते. `--psm 6` म्हणजे संपूर्ण चित्र हा मजकुराचा एकच ठोकळा समज, अशी सूचना आहे. ती दिली नाही तर आकारांची नावे एका गटात आणि रकमा दुसऱ्या गटात जाऊन त्यांची जोडी तुटते. बिल दोन रकान्यांचे असल्यास मात्र हीच सूचना डाव्या आणि उजव्या रकान्यातील ओळी एकत्र सांधते, तेव्हा चित्र मधोमध कापून दोन भाग वेगवेगळे वाचावेत.

शेवटच्या `tsv` मुळे प्रत्येक शब्दाबरोबर त्याची जागा आणि `conf` हा खात्रीचा गुणांक मिळतो. जागेवरून एका ओळीतील नाव आणि रक्कम यांची जोडी लावणे सोपे जाते. गुणांकावर मात्र फार विसंबू नये. टिंब दिसलाच नाही तर `8640` हे चार अंक अगदी ठसठशीत असतात आणि त्यांना उत्तम गुण मिळतात. म्हणून ज्या रकमेत टिंब नाही अशी प्रत्येक रक्कम मी शंकास्पद म्हणून खुणावतो, पण तिच्यात आपोआप टिंब घालत नाही, कारण भरायची रक्कम काही बिलांवर पैशांविना छापलेली असते.

चौथी तपासणी: कोणती रक्कम, कोणती तारीख

आकडे सगळे बरोबर वाचले गेले तरी चुकीचा आकडा उचलला जाऊ शकतो. शेवटच्या ओळींत मुदतीतील आणि मुदतीनंतरची रक्कम शेजारी-शेजारी असतात, आणि ‘सर्वांत मोठा आकडा घ्या’ असा नियम कोणी लिहिला असेल तर दर वेळी विलंब आकारासहची रक्कम यादीत येते. रक्कम ओळीच्या नावावरून उचलावी आणि दोन्ही रकमा यादीत वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात.

तारखांसाठी क्रमाची कसोटी पुरते. मीटरच्या मागील वाचनाची तारीख चालू वाचनाच्या आधी, चालू वाचन बिलाच्या तारखेच्या आधी किंवा त्याच दिवशी, आणि देय तारीख त्यानंतर, असा क्रम असतो. तो मोडला की एखादी तारीख चुकली आहे किंवा मागच्या भरण्याची तारीख देय तारीख म्हणून शिरली आहे. कोष्टक उघडताना होणारा गोंधळ याहून वेगळा आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०६ म्हणजे पाच जून ऐवजी सहा मे होते, तर १८/०६ मध्ये अठरावा महिना नसल्यामुळे ती तारीख केवळ मजकूर म्हणून राहते आणि डावीकडे चिकटते. काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की उजवीकडच्या तारखांवरच संशय घ्यावा, कारण बदललेल्या त्याच असतात. यादीत तारीख `2025-06-05` या रूपात लिहिली की हा प्रश्न मिटतो. ग्राहक क्रमांकाचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवावा, एरवी त्याच्या सुरुवातीची शून्ये जातात.

पाचवी तपासणी: वापराचा आकडा

बेरीज जुळली म्हणजे सर्व बरोबर, असे नेहमीच नसते. वर सांगितलेली पांढरी रेघ आकारातील आणि बेरजेतील एकाच स्थानच्या अंकाला बिघडवत असेल, तर दोन्ही चुका एकमेकींना झाकू शकतात. म्हणून पैशांशी संबंध नसलेली एक स्वतंत्र कसोटी ठेवावी: चालू वाचनातून मागील वाचन वजा केल्यावर बिलावरील वापर मिळाला पाहिजे, विजेसाठी युनिटांत आणि पाण्यासाठी घनमीटरांत.

येथे दोन अपवाद आहेत आणि दोन्ही वेळा मी प्रथम स्वतःच्या वाचनालाच दोष देऊन तास-दोन तास घालवले आहेत. मोठ्या जोडभाराच्या मीटरवर गुणक असतो, आणि फरकाला त्या गुणकाने गुणल्यावरच वापर मिळतो. दुसरे म्हणजे मीटर बंद असल्याने किंवा वाचकाला तो गाठता न आल्याने सरासरीने बिल काढलेले असते, तेव्हा वाचनांचा फरक आणि वापर यांचा मेळ बसतच नाही. अशा बिलावर सरासरीची खूण शोधावी आणि यादीत तशी नोंद करावी.

येथे थांबावे

कागदावरचा अंक डोळ्यांनीही वाचता येत नसेल, तर चित्रावर प्रक्रिया करत बसू नये. ग्राहक क्रमांक देऊन बिलाची दुसरी प्रत घ्यावी. विजेसाठी विद्युत खात्याच्या आपल्या उपविभागात आणि पाण्यासाठी बिल देणाऱ्या कार्यालयात विचारावे. तिथला लिपिक ज्या नोंदीवरून सांगतो, ती आपल्या कोणत्याही फोटोपेक्षा खरी असते.

कागदावरची बेरीजच चुकलेली असेल, वापर नेहमीच्या कितीतरी पट असेल किंवा भरलेली रक्कम थकबाकी म्हणून पुन्हा आली असेल, तर तो वाचनाचा बिघाड नव्हे आणि तो यादीत दुरुस्त करू नये. यादीत कागदावरचाच आकडा ठेवून शेजारी शेरा लिहावा आणि देय तारखेच्या आत लेखी अर्ज द्यावा. विजेच्या बाबतीत विद्युत कायदा २००३ च्या कलम ४२ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंचाची सोय आहे. कलम ५६ नुसार वाद असताना मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारा आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते आणि त्या कारणाने जोडणी तोडता येत नाही. मीटरमध्येच दोष वाटत असेल तर त्याला हात न लावता खात्याकडून तपासणी मागावी.

दरमहा शेकडो बिले, अनेक प्रकारचे नमुने आणि यादीतून थेट पैसे भरण्याची व्यवस्था, असे तिन्ही एकत्र आले असतील तर हे काम घरगुती आज्ञांचे राहत नाही. ते हिशेबाची जाण असलेल्या प्रोग्रॅमरकडे द्यावे, आणि काम देताना एवढी अट घालावी की बेरीज न जुळलेले कोणतेही बिल माणसाने पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. माझ्या तिन्ही सोसायट्यांची मिळून महिन्याला वीसेक बिले होतात, त्यांतील दोन-तीन अडतात, आणि ती मी अजूनही कागद समोर ठेवूनच सोडवतो.